रेंडरमधला बारीक खांब

(वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रहो, पत्रिकेवर विषय आहे ‘काचेच्या छपराचा पादचारी पूल, रेंडर आणि वास्तव’. छपराकडे मी येणारच आहे, पण आधी खांबांबद्दल बोलू द्या. माझा बारा वर्षांचा राग तिथे साठलाय.

एका शहरात रस्ता ओलांडायला 30 मीटरचा पूल व्हायचा होता. सभागृहात त्याचं रेंडर, म्हणजे संगणकावर बनवलेलं चित्र, लावलं होतं. संध्याकाळचा प्रकाश, ओला डांबरी रस्ता, आणि पूल उभा होता बोरूसारख्या चार खांबांवर. लोक हरखले. शेजारच्या फुलवाल्या मावशी मला म्हणाल्या, “एवढाच खांब असेल तर माझी टोपली हलवायला नको.” हिशेब झाल्यावर खांब निघाला साडेचारशे मिलिमीटरचा, खाली मीटरभर रुंद काँक्रीटचा पेडेस्टल. मावशींची टोपली हलली. ते चित्र त्यांच्यासाठी वचन होतं, आणि आपल्या धंद्यात वचन मोडल्याचं कुणाला फारसं वाईटही वाटत नाही.

आता हा खांब खोटा होता हे चित्रावरून कळलं असतं का? कळलं असतं. शेजारी उभ्या माणसाच्या मांडीशी तुलना करून त्याची जाडी काढा. तिथे ती 168 मिलिमीटर होती, म्हणजे बाजारात सहा इंची म्हणून मिळणारा पाइप. उंची सहा मीटर, कारण खालून वाहन जायला साडेपाच मीटर मोकळे हवेत. चित्रात खांबाचं वरचं टोक कशानेच धरलेलं नव्हतं. अशा खांबाची वाकण्याची लांबी दुप्पट धरतात, 12 मीटर. त्या पाइपची जायरेशन त्रिज्या, म्हणजे त्याचं पोलाद मध्यापासून किती दूर पसरलंय याचं माप, साधारण 57 मिलिमीटर. लांबीला त्रिज्येने भागलं की येतात 210, आणि आपल्या आय.एस. 800 या पोलादी बांधकामाच्या मानकात मर्यादा आहे 180. खांब तिथेच बाद!

पण तोच पाइप वर-खाली बिजागरीने जोडा आणि पुलाचं दुसरं टोक लिफ्टच्या काँक्रीट मनोऱ्याला घट्ट धरा. मग लांबी सहा मीटरच उरते आणि आकडा 105 वर येतो. मनोरा पुलाला लांबीच्या दिशेने सावरतो. आडव्या दिशेने दोन खांबांमध्ये फुलीसारख्या सळया लागतात. म्हणजे बारीक खांब शक्य आहे, फक्त त्याला धरणारं कुणीतरी चित्रात दिसलं पाहिजे. विद्यार्थी तो मनोरा झाडामागे लपवतात. अरे, तोच तर खरा आधार आहे!

आणि बूड दाखवा. जमिनीतून ऊस उगवावा तसा खांब उगवत नाही. बेसप्लेट, चार बोल्ट, ग्राउट, पाण्यापासून वर उचललेला ओटा, आणि रस्त्याकडेला असेल तर ट्रकचा धक्का झेलणारा काँक्रीटचा कठडा. चित्राच्या त्या कोपऱ्यात हे दिसलं की बघणाऱ्याचा विश्वास बसतो.

(इथे संयोजकांनी दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी दिली.)

बरं, आता छप्पर, भरभर सांगतो. मुळात हेच सांगायला आलो होतो. छप्पर पुलावर ठेवलेलं ओझं समजू नका, त्यालाच कामाला लावा. रुंदी तीन मीटर, गर्दीचा भार चौरस मीटरला 500 किलो, पुलाचं वजन जवळपास तेवढंच, म्हणजे दोन्ही मिळून मीटरला तीन टन. दोन बाजूंना दोन ट्रस, म्हणजे त्रिकोणी सांगाड्याच्या तुळया, धरल्या तर प्रत्येकावर सुमारे 169 टन-मीटरचं वाकण. चालण्याच्या पट्टीखाली सव्वा मीटर उंचीची तुळई दिलीत तर तिच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांत 135 टन बल येतं. पण छपराची कड हीच वरची पट्टी केलीत, तर ट्रसची उंची तीन मीटर होते आणि बल 56 टनांवर उतरतं. मग दीडशे ते एकशेऐंशी मिलिमीटरचा चौकोनी पाइप आणि मधल्या तिरक्या सळया पुरतात. पुलाचा बारीकपणा असा मिळवायचा. तिरक्या सळया मात्र चित्रातून पुसू नका, त्या गेल्या तर पूल गेला.

काच लॅमिनेटेडच, फुटली तरी तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात. पट्ट्या दीड मीटरपेक्षा लहान, किंचित उतार, कडेला पन्हळ आणि खांबाला लागून उतरणारा पाइप. जुलैचं पाणी काचेवरून कुठे जातं हे दाखवा. तीस अंशांच्या तापमानफरकाने पूल जवळजवळ 11 मिलिमीटर लांबतो. बिजागरीचे खांब तेवढे झुकून ते सहन करतात, पण काचेच्या सांध्यांतही रबराची जागा हवी.

हादऱ्यांचं राहिलं. लंडनचा मिलेनियम पूल जून 2000 मध्ये उघडला आणि लोकांच्या चालण्याने आडवा डोलू लागला म्हणून दोन दिवसांत बंद करावा लागला. हादरे शोषणारे डँपर बसवून 2002 मध्ये पुन्हा उघडला. बारीक पूल काढताना ताकदीचा हिशेब झाला की हादऱ्यांचाही करा. प्रश्न विचारायला मी बाहेर जिन्यापाशी थांबतो, तिथल्या कठड्याचं बूड बघून या.