पुढे धूर दिसला की गाडी सोडा

मंडळी, आज मी मुख्यतः एकाच प्रसंगाबद्दल बोलणार आहे. तुम्ही बोगद्यात आहात, पुढच्या गाड्यांचे ब्रेकचे दिवे लागले, रांग थांबली आणि लांबवर छताला लागून करडा धूर दिसतो आहे. त्यानंतरची चार-पाच मिनिटं आपला विषय.

२४ मार्च १९९९ रोजी फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या माँ ब्लाँ बोगद्यात हेच घडलं. बोगदा साडेअकरा किलोमीटरहून लांब, एकच नळी आणि तिच्यातच दोन्ही दिशांची वाहतूक. फ्रान्सकडून शिरलेल्या एका ट्रकमध्ये पीठ आणि मार्गारिन होतं. मार्गारिन म्हणजे लोण्यासारखं घट्ट खाद्यमेद. पेट्रोल नाही, रसायन नाही. समोरून येणारे लोक दिवे उघडझाप करून इशारा देऊ लागले, तेव्हा आपल्या गाडीतून धूर येतोय हे चालकाच्या लक्षात आलं. बोगद्याच्या साधारण मध्यावर तो थांबला, उतरला आणि ट्रकने पेट घेतला. त्या आगीत ३९ माणसं गेली. आग विझायला दोन दिवसांहून जास्त लागले.

त्या दिवशी हवा इटलीकडून फ्रान्सकडे वाहत होती. त्यामुळे ट्रकच्या मागे, फ्रान्सच्या बाजूला जी रांग थांबली होती, सगळा धूर तिच्यावर गेला. मेलेल्यांपैकी बहुतेक जण आपापल्या गाडीत सापडले. काचा वर करून बसले होते. ते घाबरट नव्हते आणि बेफिकीरही नव्हते. रस्त्यावर रांग थांबली की आपण गाडीतच बसतो, ही आपल्या सगळ्यांचीच सवय आहे. शिवाय गाडी हे आपलं सुरक्षित ठिकाण वाटतं. पण गाडीचं केबिन हवाबंद नसतं. बाहेरचा धूर आत येतोच, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो. डोकं जड होतं, विचार मंदावतो, आणि आता उतरायला हवं हे कळेपर्यंत पायांत त्राण उरलेलं नसतं. इंजिनालाही प्राणवायू लागतो. दाट धुरात ते बंद पडू शकतं, म्हणजे वळून पळण्याचा बेतही तिथेच संपतो.

आता हिशेब करून बघू. आग तुमच्यापुढे ३०० मीटरवर आहे आणि वारा तुमच्याकडे आहे. धूर सेकंदाला दोन मीटर पुढे सरकतो असं धरा. जोराच्या वाऱ्यात तो याहून वेगाने येतो. तुमच्या मागे १५० मीटरवर आपत्कालीन दरवाजा आहे. भरभर चालणारा माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास जातो. तुम्ही लगेच उतरलात तर दोन मिनिटांत दरवाजाशी पोचता. धुराला तिथवर ४५० मीटर कापायचे आहेत, त्याला पावणेचार मिनिटं लागतात. म्हणजे हाताशी दीड मिनिटापेक्षा जास्त वेळ उरतो.

आणि तुम्ही दोन मिनिटं गाडीत थांबलात तर? काय झालंय ते बघू, कुणाला तरी फोन करू, डिकीतली बॅग घेऊ, एवढ्यात दोन मिनिटं सहज जातात. मग निघाल्यावर वाटेतच, दरवाजा अजून पन्नासेक मीटर लांब असताना, धूर तुम्हाला गाठतो. धुरात डोळे उघडत नाहीत, माणूस भिंत चाचपत चालतो आणि वेग निम्म्याहून खाली येतो. पन्नास मीटरला दीडेक मिनिट, तेही विषारी हवेत श्वास घेत. धूर पाहिल्याक्षणी निघायचं म्हणतो ते यासाठीच.

धूर सुरुवातीला गरम असल्याने छताशी राहतो आणि खाली श्वास घेण्याजोगी हवा असते. त्यामुळे लोकांना अजून वेळ आहे असं वाटतं. पण छताला लागून पुढे जाता जाता तो थंड होतो आणि खाली उतरतो. आगीपासून बऱ्याच लांबच्या माणसालाही तो एकाएकी समोरून भिंतीसारखा आलेला दिसतो, याचं कारण हे.

तर काय करायचं? थांबताना पुढच्या गाडीपासून चार-पाच मीटर अंतर ठेवा आणि गाडी कडेला घ्या, म्हणजे अग्निशमन दलाला मधून वाट मिळते. चारही इंडिकेटर लावा. इंजिन बंद करा, पण किल्ली गाडीतच ठेवा. बचाव पथकाला गाडी हलवावी लागते. यू-टर्न घेऊ नका, रिव्हर्समध्ये मागे जाऊ नका. धुरात रिव्हर्स घेणाऱ्या गाडीखाली चालत निघालेली माणसं येतात. मग उतरा, शेजारच्या गाड्यांच्या काचा ठोका, त्यांनाही उतरवा आणि आगीपासून दूर चालू लागा. एक माणूस उतरला की रांगेतले बाकीचे उतरतात, हे लक्षात ठेवून पहिला माणूस तुम्ही व्हा.

भिंतीवर धावत्या माणसाचं हिरवं चित्र असतं आणि त्याखाली दोन बाण, प्रत्येकापुढे मीटरचा आकडा. कमी आकड्याकडे धावण्याचा मोह होतो. तो बाण धुराकडे नेत असेल तर जास्त आकड्याचा, धुरापासून दूर जाणारा मार्ग घ्या. दरवाजा जड वाटला तर घाबरू नका. धूर आत येऊ नये म्हणून पलीकडे हवेचा दाब मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, म्हणून जोर लावावा लागतो. आत गेल्यावर दार नीट लागलं का ते बघा. भिंतीवरच्या आपत्कालीन फोनवरून बोललात तर नियंत्रण कक्षाला तुम्ही नेमके कुठे आहात ते आपोआप कळतं, म्हणून वाटेत असेल तर मोबाइलपेक्षा तो बरा.

एकेरी वाहतुकीच्या बोगद्यात छतावरचे पंखे बहुतेक वेळा धूर वाहतुकीच्या दिशेने पुढे ढकलतात. आगीमागे अडकलेल्यांकडे हवा स्वच्छ राहते, आणि आगीपुढच्या गाड्यांनी न थांबता बाहेर पडायचं असतं. पण पंखे सुरू होण्याआधीच्या मिनिटांवर त्यांचा इलाज नाही. माँ ब्लाँमध्ये आगीपासून दोन तास टिकतील असे निवारे होते. आग त्याहून कितीतरी जास्त चालली आणि निवाऱ्यात गेलेल्यांपैकीही काही जण वाचले नाहीत. म्हणूनच आता अशा निवाऱ्यांना बाहेर पडण्याच्या वेगळ्या मार्गाची जोड देतात.

जाता जाता पुलांबद्दलही. उड्डाणपुलाखालची आग वेगळी असते. धूर मोकळ्या हवेत जातो, पण ज्वाळा वरच्या गर्डरला चाटत राहतात. साडेपाचशे-सहाशे अंशांवर पोलाद जवळपास निम्मी ताकद गमावतं, आणि टँकर जळत असेल तर तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही. २००७ मध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडजवळ पेट्रोलचा टँकर उलटून पेटला आणि वरचा पूल वीसेक मिनिटांत खाली आला. २०१७ मध्ये अटलांटात पुलाखाली साठवलेले प्लास्टिकचे पाइप पेटले आणि वरचा महामार्ग कोसळला. पुलाखाली थांबला असाल तर गाडी सोडून आडव्या दिशेने, पुलाच्या सावलीबाहेर चाला. पुलावर असाल आणि कठड्याबाहेरून काळा धूर वर येत असेल तर त्या भागावरून घाईने निघून जाऊ असं म्हणू नका, अलीकडेच थांबा. पुढचा रस्ता किंचित खाली बसलेला दिसला, सांध्याशी पायरी पडलेली दिसली, तर गर्डर मऊ पडायला लागला आहे. उतरा आणि आलात त्याच बाजूने चालत मागे जा. आग विझली तरी अभियंत्यांनी तपासून पूल खुला करेपर्यंत गाडी घ्यायला परत वर जाऊ नका; थंड होताना गर्डर आकसतो, काँक्रीटचे तुकडे सुटतात, आणि ते खालच्यांच्या अंगावर पडतात.