कढी की कधी? कॅप्शन कुठल्या लिपीत लिहायचं?

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली पुन्हा तेच: "दादा, कॅप्शन इंग्रजी अक्षरांत द्या ना, सर्चमध्ये वर येईल." बरं, आज हे निस्तरूनच टाकू.

फाईल कशी बनवायची ते तुम्हाला येतं. SRT लिहा, सेव्ह करताना UTF-8 निवडा. ANSI राहिलं तर सगळी प्रश्नचिन्हं उमटतात. झालं.

आता खरी गोम. माझ्या वहिनीचा रेसिपीचा चॅनल आहे. तिच्या एका व्हिडिओतली ही ओळ बघा:

```
kadhit tak kadhi takaycha?
```

काय वाचलंत? ती विचारतेय, "कढीत ताक कधी टाकायचं?" `kadhi` म्हणजे कढी आणि कधीसुद्धा. `tak` म्हणजे ताक, आणि टाकसुद्धा! रोमन लिहिताना आपण ट-त, ढ-ध, ळ-ल, ण-न सगळे एकाच पोत्यात भरतो. ऱ्हस्व-दीर्घ तर गेलंच. माझी मावशी आवाज बंद करून व्हिडिओ बघते. रोमन ओळ आली की तिचे ओठ हलायला लागतात. पुटपुटून, कानाने ऐकून मग अर्थ लावते. तोवर पुढची ओळ येते. (आणि लोक मला म्हणतात, हळू बोला!)

"पण लोक सर्च रोमनमध्येच करतात!" करतात की. म्हणून टायटलमध्ये `takachi kadhi` जरूर घाला, शेजारी 'ताकाची कढी'ही घाला. पण कॅप्शनमध्ये? थालीपीठ कोणी `thalipeeth` लिहितो, कोणी `thalipith`, कोणी `thalipit`. तुम्ही त्यातलं एक लिहिलंत; बाकीचे दोघे ट्रान्स्क्रिप्टमध्ये शोधत बसले. देवनागरीत फार तर ली की लि, एवढाच घोळ.

देवनागरी अगदी धुतल्या तांदळासारखी आहे असंही नाही हं. 'ॲ' एकच अक्षर म्हणून टाइप होतं, आणि अ वर चंद्र देऊनही. दिसायला जुळी, पण आत कोड वेगळे. साध्या शोधात एक टाकलं की दुसरं सापडेलच असं नाही. एकच कीबोर्ड धरून ठेवा.

तिसरी गंमत भाषांतराची. वहिनीने ती रोमन फाईल 'English' भाषा निवडून चढवली होती. आता ऑटो-ट्रान्सलेट बिचारं `tak` हा इंग्रजी शब्द समजून डोकं फोडणार! भाषा 'मराठी' निवडा, मजकूर देवनागरीत.

आणि ते व्हिडिओवरच रंगीत अक्षरांत छापलेलं कॅप्शन? ते चित्र आहे हो. रील्सला छान दिसतं, पण ट्रान्स्क्रिप्टमध्ये त्यातलं अक्षरही येत नाही. शिवाय ओळी जवळजवळ ठेवल्या तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर चढतात.

एक अपवाद मात्र मानतो. बाहेर वाढलेली पोरं, मराठी बोलतात पण देवनागरी वाचता येत नाही. वहिनीचा भाचा तसाच. त्याच्यासाठी रोमन ओळी हव्याच असतील तर वेगळी फाईल करा, आणि तिथे तरी `taak` आणि `Taak` असा काहीतरी फरक ठरवून पाळा. वहिनीने ठरवलाय. भाच्याने परवा कढी केली, फुटली, पण ती आच मोठी ठेवल्यामुळे.