राजवाडा एकविसाव्या शब्दावर

(इंदुरातल्या एका मराठी मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. सूत्रसंचालक ताईंनी आत्ता माझी ओळख करून देताना "आवाजाचे जादूगार" म्हटलं. माझा आवाज तुम्ही ऐकताच आहात, फाटका आहे. मी बोलत नाही, बोलणाऱ्यांसाठी लिहितो. पत्रिकेवर विषय छापलाय "बोलीतलं निवेदन कसं लिहावं". वेळ पस्तीस मिनिटं, आणि त्यातली सात पाहुण्यांच्या स्वागतात गेली. असो. पोहे छान होते, वर जिरावन होतं, तक्रार नाही.

सुरुवात एका फजितीपासून करतो. फजिती माझीच आहे.

काही वर्षांपूर्वी राजवाड्यावरच्या एका छोट्या फिल्मचं मराठी निवेदन माझ्याकडे आलं. ज्यांनी काम दिलं त्यांचं नाव घेत नाही, भली माणसं आहेत. त्यांच्या समितीनं मराठी मजकूर आधीच तयार ठेवला होता. मी फक्त "जरा सोपं" करायचं होतं. पहिलं वाक्य मला आजही पाठ आहे. ऐका: "होळकर घराण्याचे संस्थापक सुभेदार मल्हारराव होळकर यांच्याद्वारे निर्मित, खालचे तीन मजले पाषाणाचे व वरचे चार मजले काष्ठाचे असलेला हा सातमजली राजवाडा मराठा, मोगल आणि फ्रेंच वास्तुशैलींचे सुंदर मिश्रण असून इंदूर नगरीच्या हृदयस्थानी दिमाखात उभा आहे."

(हशा)

हसू नका, कागदावर हे वाक्य चुकलेलं नाही. "यांच्याद्वारे निर्मित" सोडा, ते हिंदीतून चालत आलंय. आपल्याकडे तसं येतंच, आपणही येतोच. आणि जुनी वास्तू दिमाखात का उभी असते, नुसती का उभी राहत नाही, हे मला कोणी सांगितलेलं नाही.

तर मी काय केलं? "पाषाण"चा दगड केला, "काष्ठ"चं लाकूड केलं. मग वाटलं, बोलताना आपण "केले, झाले" म्हणत नाही, "केलं, झालं" म्हणतो. तेव्हा मात्रा काढायच्या आणि अनुस्वार द्यायचे. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. कॉम्प्युटरला सांगितलं, सगळीकडे बदल. त्यानं इमानदारीत "आहे"चंसुद्धा "आहं" केलं. ते मला दिसलं, ते मी नीट केलं आणि झोपलो.

सकाळी स्टुडिओत आमच्या वाचणाऱ्या बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, वय सत्तरच्या पुढे, आवाज असा की माइकनं सावरून बसावं. कानाला हेडफोन लावून त्यांनी वाचलं, "खालचं तीन मजलं दगडाचं..." आणि थांबल्या. काचेतून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, हे कोणत्या गावचं मराठी?"

त्या दिवशी जे कळलं ते तुम्हालाही सांगतो, कारण ही चूक आजही सर्रास होते. मात्रेचा अनुस्वार सगळीकडे होत नाही. नपुंसकलिंगी शब्दात होतो: दारे–दारं, घराणे–घराणं, बांधकाम झाले–बांधकाम झालं. "ने" प्रत्ययात होतो: बाईने–बाईनं, त्याने–त्यानं. पण मजला पुल्लिंगी, म्हणून मजले हे मजलेच. लोक आले हे आलेच. शंका आली तर वस्तू एकच आहे असं धरून बोलून बघा. "तो मजला" म्हणालात, तर मात्रेला हात लावू नका. "ते दार" म्हणालात, तर खुशाल "दारं" म्हणा. गावाकडच्या बोलीत "मजलं" म्हणतात, म्हणू देत. पण सगळं निवेदन शहरी नि एक शब्द तेवढा गावचा असला की ऐकणारा तिथेच अडखळतो.

बाईंनी मात्रा दुरुस्त करून घेतल्या, पुन्हा वाचलं, आणि दम लागला. आता सगळे शब्द सोपे होते. तरी दुसरा टेक, तिसरा टेक, प्रत्येक वेळी "मिश्रण असून"पाशी श्वास संपायचा. मग मी घड्याळ लावलं. निवांत मराठी निवेदनात सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात. आपले शब्द लांब, प्रत्यय पोटात घेऊन चालणारे. वाक्यात शब्द पस्तीस, म्हणजे साडेसतरा सेकंद. शॉट बारा सेकंदांचा.

पण खरी गोम पुढे आहे. मी बोटावर शब्द मोजले. "राजवाडा" हा शब्द एकविसावा! म्हणजे पडद्यावर वाडा दिसतोय, आणि कान दहा सेकंद वाट बघतायत की बाई कशाबद्दल बोलतायत. वाचताना डोळा मागे जाऊन येतो. कानाला मागे जाता येत नाही. पुस्तकी मराठीत सगळी विशेषणं नामाच्या आधी रांगेत उभी असतात, "निर्मित, असलेला, सातमजली", आणि नाम आपलं शेवटी, लग्नातल्या नवऱ्यासारखं, वरात संपल्यावर.

घरी आपण असं बोलतो का? आपण नाव आधी घेतो, आणि आठवेल ते क्रियापदाच्याही मागे टाकतो. "आला होता तो, कालच, सरवट्याला उतरला." बाईंनाच म्हटलं, कागद ठेवा, नातवाला राजवाडा दाखवताय असं समजून सांगा. त्या जे बोलल्या ते मी लिहून घेतलं:

"हा राजवाडा. सात मजल्यांचा. मोजून बघ, खालचे तीन दगडाचे, वरचे चार लाकडाचे. बांधला मल्हारराव होळकरांनी."

"बघ"चं "बघा" केलं, बाकी तसंच ठेवलं. पंधरा शब्द, साडेसात सेकंद. उरलेले साडेचार सेकंद बाई गप्प, आणि बघणारा खरंच मजले मोजतो. वास्तुशैलीचं वाक्य पुढच्या, कमानींच्या शॉटवर टाकलं. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "सुभेदार गेले कुठे?" मान्य आहे. ते तिसऱ्या शॉटवर येतात, तिथे त्यांचं चित्र आहे.

चिठ्ठी आलीय. "पाच मिनिटं." म्हणजे ज्यासाठी बोलावलं ते आता पळत सांगतो.

"व" लिहू नका. कानाला ऐकूच येत नाही, "आणि" किंवा "नि" लिहा. "करीत असत" नको, "करायचे" लिहा. "आहे" मागच्या शब्दात विरघळू द्या: गेलाय, बांधलीय. पण प्रत्येक वाक्यात नको, नाहीतर सगळंच घाईचं वाटतं.

आकडे अक्षरांत लिहा. 1767 दिसलं की आपल्या इंदूरच्या मुलाच्या तोंडून "सत्रह सौ सड़सठ" निघतं, आणि अहिल्याबाई गादीवर येता येता हिंदीत जातात. "सतराशे सदुसष्ट" असं लिहून द्या.

तसंच "च" आणि "ज". लिपीत फरक दिसत नाही, उच्चारात आहे. "जुना वाडा", "चुन्याची भिंत", "चौक", हे हिंदी शाळेत शिकलेली मुलं "जीवन"च्या ज नं आणि "चित्र"च्या च नं वाचतात. मी अशा अक्षराखाली पेन्सिलीनं टिंब देतो. त्या बाईंनी शिकवलेलं.

आता शेवटचं, कारण हे तुम्ही विचारणारच: बोली म्हणजे कोणाची? पुण्याची की आपली? आपण घरी "येऊन राहिलो", "करून राहिलाय" म्हणतो. माझं मत असं, की निवेदकाच्या तोंडी ते घालू नये. राजवाड्याची फिल्म बडोद्याचे नि नाशिकचे लोकही बघतात, त्यांचं लक्ष वाड्यावरून उडून आपल्या बोलण्यावर जाईल. पण त्याच फिल्ममध्ये सराफ्यातला एक मराठी हलवाई बोलतो. समितीनं त्याचंही शुद्ध करून मागितलं होतं. तो म्हणतो, "भिया, आमचे आजोबा इथंच बसून राहिले होते." ते मी करू दिलं नाही.

बरं, ताई उठल्या आहेत. पेन्सिलीचा कागद आणलाय, चहाच्या वेळी दाखवतो.