नऊ मेची ती रजा

नमस्कार श्रोतेहो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी ज्या अंतर्गत समितीकडे येतात, तिच्यात एक सदस्य संस्थेबाहेरची व्यक्ती असावी लागते. गेली काही वर्षं मी हे काम करते आहे. आज तुम्हाला एका तक्रारीच्या कागदाबद्दल सांगायचं आहे. २०१३च्या कायद्याने अशा प्रकरणातली नावं उघड करता येत नाहीत, म्हणून ओळख पटेल असं सगळं मी बदललं आहे.

ऑगस्टच्या दोन तारखेला एक ताई माझ्याकडे आल्या. एका पतसंस्थेत लेखा विभागात नोकरी. पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. त्यावर लिहिलं होतं, "आमचे विभागप्रमुख मला मार्चपासून त्रास देत आहेत. त्यांची वागणूक अत्यंत हीन आहे. बायकांकडे बघण्याची त्यांची नजर चांगली नाही. तरी योग्य ती कारवाई व्हावी ही विनंती."

यातला शब्द न् शब्द खरा होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पण समितीच्या खुर्चीत बसून हा कागद वाचला की विचारण्यासारखं काही सापडत नाही. समोरचा माणूस "माझी नजर चांगली आहे" एवढंच म्हणणार आणि चौकशी तिथेच अडणार. म्हणून मी त्यांना म्हटलं, ताई, विशेषणं आपण बाजूला ठेवू. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे आणि काय झालं, तेवढंच सांगा.

"तारीख कुठे आठवतेय मॅडम?" त्या म्हणाल्या. बहुतेक बायका हेच म्हणतात. अशा वेळी आठवणीवर जोर देऊन उपयोग नसतो, आजूबाजूच्या गोष्टी धरून मागे जावं लागतं. त्या दिवशी कपाटातून काय काढायला गेला होतात? जुनी व्हाउचरं. कशासाठी? ऑडिटर दुसऱ्या दिवशी येणार होते. सणाच्या आधी की नंतर? धुळवडीच्या आधी. ऑडिटर आल्याची नोंद बुधवार, १२ मार्चची निघाली. म्हणजे घटना मंगळवारची, ११ मार्चची. मग कागदावर असं उतरलं:

"मंगळवार, ११ मार्च रोजी सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास मी रेकॉर्ड रूममध्ये व्हाउचरच्या फाइली काढत होते. विभागप्रमुख आत आले आणि दारात उभे राहिले. 'एकटीच आहेस, घाई कसली' असे म्हणून त्यांनी माझ्या कमरेवर हात ठेवला. मी हात झटकला व ओरडले. बाहेरून शिपायाने हाक मारल्यावर ते दारातून बाजूला झाले."

त्यांचं ते वाक्य लिहिताना ताईंचा हात थांबला होता. "अश्लील बोलले असं लिहिलं तर चालेल का?" त्यांनी विचारलं. लाज वाटणं मी समजू शकते. पण 'अश्लील' हा आपण काढलेला निष्कर्ष असतो. जे बोललं गेलं ते जसंच्या तसं लिहिलं, तर समितीला ते शब्द समोरच्याला वाचून दाखवता येतात. नेमके शब्द आठवत नसतील, तर "साधारण अशा अर्थाचं बोलले" एवढं प्रामाणिकपणे लिहावं.

शिपायाने हात लावताना पाहिलं नव्हतं. मग साक्षीदार म्हणून त्याचं नाव कसं घालायचं, असा त्यांना प्रश्न पडला. त्याने जे पाहिलं तेवढंच लिहायचं: ओरडणं ऐकलं, आणि मी रडत बाहेर आले ते पाहिलं. याहून एक शब्द जास्त लिहिला आणि शिपाई समितीपुढे "मी तसं पाहिलं नाही" म्हणाला, तर खऱ्या गोष्टीवरही संशय येतो.

दुसरी घटना २४ एप्रिलची, रात्री ११ वाजून १७ मिनिटांनी विभागप्रमुखांकडून आलेल्या मेसेजची. ताईंनी स्क्रीनशॉट घेऊन त्यातल्या नको त्या ओळी कापल्या होत्या. तसं करू नये. नंबर, तारीख, वेळ आणि आधीचं-नंतरचं बोलणं, सगळं दिसायला हवं. फोनमधला मूळ संवादही तसाच ठेवावा.

मग मी विचारलं, शेवटचं कधी घडलं? "मेमध्ये रजेचं एक झालं होतं, पण ते काही विशेष नाही," त्या म्हणाल्या. शुक्रवार, ९ मे. आईच्या ऑपरेशनसाठी मागितलेली तीन दिवसांची रजा विभागप्रमुखांनी सही न करता परत केली आणि म्हणाले, "त्या दिवशी ओरडली नसतीस, तर आज सही मिळाली असती."

ताईंनी हे कागदावर घेतलंच नव्हतं. आणि त्यांचं सगळं प्रकरण याच घटनेवर टिकून होतं! घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी, आणि घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने धरावेत, असं कायद्यात आहे. नुसतं मार्च-एप्रिल लिहिलं असतं, तर मुदत २४ जुलैलाच संपली होती. त्यानंतर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत सवलत देऊ शकते, पण त्यासाठी उशिराची कारणं तिला पटावी लागतात आणि ती तिला लिहून ठेवावी लागतात. ९ मेमुळे मुदत ९ ऑगस्टपर्यंत गेली. सात दिवस हाताशी होते. रजा नाकारणं एरवी कार्यालयीन बाब ठरली असती. पण त्या एका वाक्याने तिचा धागा ११ मार्चशी जोडला गेला होता.

"ते इतर मुलींशीही असंच वागतात" ही ओळ आम्ही खोडली. ताईंनी स्वतः पाहिलेलं त्यात काही नव्हतं, आणि त्या मुलींना विचारल्याशिवाय त्यांची नावं घालणं बरोबर नव्हतं. शेवटी काय हवं तेही लिहिलं: चौकशी चालू असेपर्यंत माझ्या कामाचा अहवाल या व्यक्तीने लिहू नये, आणि मला दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम द्यावं. अशी तात्पुरती सोय लेखी मागावी लागते. मनातल्या मनात धरून ती मिळत नाही.

"सिद्ध नाही झालं, तर माझ्यावरच उलटेल का?" हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरून कारवाई होत नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार केली किंवा बनावट कागद दिला, तरच होते, आणि तो दुष्ट हेतूही चौकशीत सिद्ध व्हावा लागतो.

ही तक्रार समोरच्यालाही मिळते, सात कामकाजाच्या दिवसांत. उत्तराला त्याला दहा कामकाजाचे दिवस असतात. त्याला नीट उत्तर देता येणं हे तक्रारदाराच्याही हिताचं आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात तक्रारी २००९च्या होत्या. चौकशी घाईने उरकली, बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही, म्हणून २०२३च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी! त्या तक्रारदार मुलींचा विचार मनात आला की अजून जीव तुटतो.

आमच्या ताईंनी ६ ऑगस्टला तक्रारीच्या सहा प्रती, मेसेजचे कागद आणि साक्षीदाराचं नाव-पत्ता दिला, आणि स्वतःच्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. ऑफिसच्या ग्रुपवर कुणाला काही कळवलं नाही.

उत्तर आलं. ११ मार्चचं सगळं साफ नाकारलेलं. मेसेज गमतीने पाठवले होते म्हणे. आणि ९ मेबद्दल, "त्या आठवड्यात कामाचा ताण असल्याने कुणालाच रजा दिली नव्हती." समितीने रजेची नोंदवही मागवली. त्याच आठवड्यात त्याच विभागातल्या दोघांच्या रजेवर त्यांची सही होती. पहिल्या बैठकीत अध्यक्षांनी ती नोंदवही त्यांच्यासमोर उघडून ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला.