पोस्टरवर एकच वाक्य मोठं लिहायचं असेल तर कोणतं?

नमस्कार मंडळी. आज बोलूया कॉन्फरन्सच्या पोस्टरबद्दल, आणि त्यातल्याही फक्त एका कामाबद्दल. पेपर लिहून झालाय, कन्क्लुजन तयार आहे, आता तेच पोस्टरवर आणायचंय, आणि तेही असं की समोरून चालत जाणाऱ्याला एक गोष्ट नीट कळली पाहिजे. बहुतेक लोक काय करतात, कन्क्लुजनचा पॅराग्राफ उचलतात, त्याचे चार-पाच बुलेट करतात आणि उजव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात चिकटवतात. मग सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गुडघ्याच्या उंचीवर जाते आणि समोर दोन माणसं उभी असली की ती दिसतसुद्धा नाही.

पेपर वाचणारा माणूस बसून वाचतो, मागं-पुढं पानं उलटतो. पोस्टर वाचणारा उभा असतो, बऱ्याचदा चालत असतो, आणि हॉलमध्ये आणखी शेकडो पोस्टर असतात. 2019 मध्ये माईक मॉरिसन नावाच्या सायकॉलॉजीतल्या पीएचडी विद्यार्थ्यानं यावर एक व्हिडिओ टाकला. त्याचं म्हणणं असं की पोस्टरच्या मधोमध मोठ्या अक्षरात मुख्य निष्कर्ष साध्या भाषेत लिहा, बाकीचं बाजूच्या पट्ट्यांत टाका आणि पूर्ण पेपरसाठी क्यूआर कोड द्या. ही मांडणी खूप पसरली आणि मला ती पटते. पण मांडणी बदलली म्हणून वाक्य आपोआप चांगलं होत नाही. उलट मधलं वाक्य फसलं तर आता ते लांबूनच फसलेलं दिसतं, म्हणून मी आज डिझाईनवर नाही, त्या वाक्यावरच बोलणार आहे.

एक उदाहरण घेऊ. अभ्यास आणि आकडे मी समजावण्यासाठी बनवलेत, खऱ्या पेपरमधले नाहीत. समजा हाय बीपीचे 240 पेशंट आहेत. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले, प्रत्येकी 120. एका गटाला रोज मोबाईलवर गोळीची आठवण करून देणारा मेसेज, दुसऱ्याला नेहमीचेच उपचार. सहा महिने. आधीच ठरलेलं मुख्य मोजमाप असं की निदान 80 टक्के दिवस गोळ्या घेतल्या का, आणि ते गोळ्या मोजून बघितलं. मेसेजवाल्यांत 120 पैकी 89 जणांनी नियमित घेतल्या, दुसऱ्या गटात 120 पैकी 73 जणांनी. म्हणजे साधारण 74 टक्के आणि 61 टक्के.

आता पेपरचं कन्क्लुजन ऐका. "या अभ्यासातून असे दिसून येते की दैनंदिन मोबाईल संदेशांमुळे उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचे औषधपालन सुधारू शकते. 60 वर्षांखालील रुग्णांमध्ये हा परिणाम अधिक ठळक होता. रक्तदाबातही घट होण्याचा कल आढळला. ही पद्धत कमी खर्चाची असून तिचा आरोग्यव्यवस्थेत समावेश करता येईल. तथापि अधिक संशोधनाची गरज आहे."

ऐकायला ठीक वाटतं ना? पाच वाक्यं, पाच वेगळे दावे. आता याला लहान करायचं म्हणजे पाचही वाक्यं थोडी थोडी कापायची नाहीत. प्रत्येक वाक्याला एकच विचारायचं, की याच्यामागं रिझल्ट्समधला कुठला आकडा उभा आहे? टेबल उघडून त्या आकड्यावर बोट ठेवायचं, आठवणीतून करायचं नाही.

शेवटून सुरू करू. "अधिक संशोधनाची गरज आहे" हे हॉलमधल्या कुठल्याही पोस्टरवर चालेल, म्हणून ते आपल्यावर नको. कमी खर्चाची पद्धत? खर्च मोजलाच नव्हता, आकडाच नाही, गेलं. बीपी कमी होण्याचा कल? इथं जरा थांबावं लागतं. टेबलमध्ये वरच्या बीपीत मेसेजवाल्यांच्या बाजूनं सरासरी 2 मिलीमीटरचा फरक आहे, पण कॉन्फिडन्स इंटरव्हल 1 ने जास्त इथपासून 5 ने कमी इथपर्यंत जातोय. म्हणजे थोडा फायदा असू शकतो, काहीच नसू शकतो, आणि हा डेटा ते वेगळं करून सांगू शकत नाही. "कल आढळला" हा शब्दप्रयोग अशा ठिकाणी फार पटकन येतो, लिहिणाऱ्याला खोटं बोलायचं नसतं, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात मात्र "बीपी कमी झालं" एवढंच उरतं. आणि हे काही एखाद्-दुसऱ्या पेपरमध्ये होत नाही. 2010 मध्ये इझाबेल बुत्रों आणि सहकाऱ्यांनी अशा 72 ट्रायल तपासल्या ज्यांच्यात मुख्य निकाल सांख्यिकीदृष्ट्या ठळक नव्हता, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त ॲब्स्ट्रॅक्टच्या कन्क्लुजनमध्ये निकालाला अनुकूल रंग दिलेला सापडला. पोस्टरवर तर जागा कमी, म्हणजे जपून लिहिलेले शब्द आधी उडतात आणि दावा तेवढा उरतो.

60 वर्षांखालच्यांचं वाक्य सगळ्यात मोहात पाडणारं. ते नवीन वाटतं, आकर्षक वाटतं, आणि सहलेखकांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं की हेच मोठं करा. पण वयानुसार बघायचं असं आधी ठरलं नव्हतं, डेटा हातात आल्यावर केलेलं विश्लेषण आहे, गट लहान आहेत. असं काही पुढच्या अभ्यासाची कल्पना म्हणून खाली एका ओळीत जाऊ द्या, मधोमध नको.

उरलं पहिलं वाक्य. निवड झाली, पण वाक्य अजून कच्चं आहे. "सुधारू शकते" म्हणजे सुधारलं की नाही? तुम्ही 240 जणांत मोजलंय ना, मग जे झालं ते भूतकाळात सांगा. भूतकाळातलं वाक्य जास्त ठाम असतं आणि गंमत म्हणजे जास्त प्रामाणिकही, कारण ते फक्त तुमच्या अभ्यासात काय घडलं तेवढंच म्हणतं, जगातल्या सगळ्या पेशंटबद्दल काही बोलत नाही.

मग आकडा. 61 आणि 74 मध्ये 13 टक्के-बिंदूंचा फरक. हाच फरक 61 च्या तुलनेत मांडला तर "22 टक्के वाढ" होते, आणि ती जास्त मोठी दिसते म्हणून लोकांना आवडते. दोन्ही गणितं बरोबर आहेत, पण लांबून 22 वाचणाऱ्याला मूळ पातळी किती होती ते कळत नाही, म्हणून मी नेहमी दोन्ही गटांचे आकडे शेजारी शेजारी ठेवायला सांगते. अजून एक बारीक गोष्ट, "61 वरून 74 वर गेलं" असं लिहू नका. त्यातून वाटतं की तेच लोक आधी 61 होते आणि नंतर 74 झाले. इथं दोन वेगळे गट आहेत, त्यामुळे "मेसेज मिळालेल्यांत 74, न मिळालेल्यांत 61" असंच यायला हवं.

आता खरा प्रश्न येतो मर्यादांचा. सगळ्या मर्यादा मोठ्या वाक्यात टाकल्या तर ते परत पॅराग्राफ होतं, आणि सगळ्या काढल्या तर वाक्य फसवं होतं. मी एक कसोटी वापरते: ही गोष्ट कळली नाही तर वाचणारा माणूस उद्या चुकीचं काही करेल का? गोळ्या मोजून पालन ठरवलं, आणि गोळी डबीत नाही म्हणजे ती पोटात गेलीच असं नाही, ही मर्यादा खरी आहे, पण ती खाली पद्धतीच्या ओळीत सांगितली तरी चालते. बीपीत स्पष्ट फरक दिसला नाही ही गोष्ट मात्र खाली ठेवता येत नाही. कारण गोळ्या नियमित झाल्या असं वाचलं की कुठलाही डॉक्टर मनात पुढचं पाऊल स्वतःच टाकतो, की म्हणजे बीपी उतरलं असणार. ते तुम्हाला दिसलं नाहीये, तर तिथंच, त्याच अक्षरात सांगायला हवं.

तर मधलं वाक्य असं होतं: "सहा महिने रोज मेसेज मिळालेल्यांपैकी 74 टक्के जणांनी बीपीच्या गोळ्या नियमित घेतल्या, न मिळालेल्यांपैकी 61 टक्के जणांनी. बीपीत मात्र स्पष्ट फरक दिसला नाही." दोन वाक्यं झाली, पण गोष्ट एकच आहे आणि एका श्वासाच्या आसपास वाचून होते. "औषधपालन" गेलं, "नियमित घेतल्या" आलं, आणि नियमित म्हणजे किती ते खाली बारीक अक्षरात: निदान 80 टक्के दिवस.

याच्याखाली फार काही लागत नाही. कोण लोक होते, गट कसे पाडले, किती दिवस, एवढं दोन ओळींत. एकच चार्ट, शून्यापासून सुरू होणारे दोन बार, आणि शेजारी फरक 13 टक्के-बिंदू, इंटरव्हल 2 ते 25. हा इंटरव्हल रुंद आहे आणि तो लपवू नका, कारण फायदा 2 इतका कमीही असू शकतो हे समोरच्या जाणकाराला लगेच दिसतं आणि तो तेच विचारणार. बीपीचा 2 मिलीमीटरचा आकडासुद्धा त्याच्या इंटरव्हलसकट इथंच.

छापायच्या आधी वाक्य तपासायचं ते तुमच्या टीमबाहेरच्या माणसाकडून. पोस्टर स्क्रीनवर लावा, त्याला दहा सेकंद दाखवा, बंद करा आणि विचारा की काय सापडलं. तो म्हणाला "मोबाईल मेसेजबद्दल काहीतरी होतं" तर तुम्ही विषय लिहिलाय, निकाल नाही. तो म्हणाला "मेसेजनं बीपी कमी होतं" तर दुसरं वाक्य पुरेसं मोठं नाही किंवा पहिल्यापासून फार लांब पडलंय. तो म्हणाला "गोळ्या जास्त घेतल्या, पण बीपीवर काही कळलं नाही", तर पाठवा छापायला.

आणि पाठवताना शेजारी तो ॲब्स्ट्रॅक्ट उघडा जो तुम्ही कॉन्फरन्सला काही महिन्यांपूर्वी दिला होता. तेव्हा कदाचित सगळ्यांचा फॉलोअप पूर्ण नसेल आणि आकडे थोडे वेगळे असतील. ॲब्स्ट्रॅक्टच्या पुस्तकात एक आकडा आणि पोस्टरवर दुसरा असेल तर पोस्टरच्या तळाशी सरळ लिहा, की ॲब्स्ट्रॅक्ट दिल्यानंतर डेटा पूर्ण झाला, इथले आकडे सगळ्या 240 जणांचे आहेत.