झाडं कुठं थांबतात?

नमस्कार श्रोतेहो. पुण्याहून हिमालयात जाणाऱ्यांच्या वहीत बहुतेक वेळा मुक्कामाची गावं, चाललेले तास आणि खर्च एवढंच असतं. उत्तराखंडातल्या पिंडारी हिमनदीच्या वाटेवर मी वहीचं पान उभं दुभागलं होतं. डावीकडं उंची आणि उजवीकडं त्या उंचीवर दिसलेलं झाड. त्या पानांतलं थोडं आज तुम्हाला वाचून दाखवतो.

पहिली नोंद काठगोदामची आहे. उंची साडेपाचशे मीटर, म्हणजे जवळपास आपल्या पुण्याएवढीच. डोंगरपायथ्याला साल वृक्षांचं जंगल. सरळसोट खोडं, रुंद पानं आणि खाली दाट सावली. बागेश्वर, कपकोट करत लोहारखेतकडं चढायला लागलं की साल कधी संपला ते कळतही नाही. त्याच्या जागी चीड नावाचा पाइन येतो. वहीत लिहिलंय, ‘सुया तीन-तीनच्या जुडग्यात. खोडावर राळ काढण्यासाठी मारलेल्या खाचा. पायाखाली वाळलेल्या सुयांचा थर, बूट घसरतो. उन्हाचा ताव चांगलाच.’ मे महिन्यात हाच थर पेट घेतो. चिडाची जाड साल त्याला आगीतून तारून नेते, पण बाकीची रोपं जळून जातात. म्हणून जिथं वारंवार वणवा लागतो तिथं चीड आपली हद्द वाढवत जातो. तेव्हा चीड दिसला म्हणजे उंची कळली असं लगेच मानू नये. तो कधी उंची सांगतो, तर कधी आगीचा इतिहास.

लोहारखेत साधारण साडेसतराशे मीटरवर. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचा माथा इथं पोचायच्या आधीच मागं पडतो. पुढं धाकुडीच्या खिंडीपर्यंत चढ आहे, आणि तिथं बांज ओकचं राज्य. बांजाच्या पानाची खालची बाजू पांढुरकी असते. वारा आला की सगळा उतार एकदम रुपेरी होतो. त्याच्या सोबतीला तांबड्या फुलांचा बुरांश. आमच्याबरोबर खाती गावचे वाटाडे होते, त्यांना आम्ही दाजू म्हणायचो. ते म्हणाले, “बांज आहे तिथं झरा आहे. चीड आला की पाणी दूर जातं.” बांजाखालच्या पालापाचोळ्यात हात घातला तर आत ओल होती. चिडाच्या सुयांखाली माती कोरडी ठक्क होती.

खिंड सुमारे अठ्ठावीसशे मीटरवर आहे. तिथं ओक बदलला. पान जाड, खालून तपकिरी, आणि कोवळ्या फांदीवरच्या पानांना काटेरी कडा. हा खरसू. बुरांशाची फुलंही तांबड्यावरून गुलाबीकडं गेलेली. खिंडीपलीकडं उत्तरेच्या उतारावर पाय ठेवला तर सावलीत बर्फाचे तुकडे अजून पडलेले होते. दक्षिणेच्या उताराला दिवसभर ऊन मिळतं, उत्तरेच्याला तिरपं आणि थोडं. त्यामुळं एकाच उंचीवर दोन उतारांवर दोन वेगळी जंगलं असू शकतात.

खिंडीतून वाट परत खाती गावाकडं, बावीसशे मीटरपर्यंत उतरते. चढून मिळवलेली उंची गेली म्हणून बरोबरचे हळहळत होते, मला मात्र हा उतार फार आवडला. कारण खरसू मागं पडला आणि तांबडा बुरांश पुन्हा आला. पाठ केलेला धडा उलटा म्हणून दाखवावा तसं जंगलानं आपलं म्हणणं तपासून दिलं.

पिंडर नदीच्या काठानं द्वालीवरून फुरकियाकडं जाताना पांगर आणि अक्रोड विरळ होत गेले, आणि शेवटी भोजपत्र आलं. त्याची साल कागदासारखी सुटते. पण माझी नजर खोडांच्या बुंध्यांवर खिळली. ती उताराच्या दिशेनं आडवी झुकून मग वर वळलेली होती. हिवाळ्यात बर्फ वरून हळूहळू सरकतं आणि झाडाला खाली दाबतं. उन्हाळ्यात झाड पुन्हा उभं राहायला बघतं. फुरकियाच्या वर भोजपत्रं छातीएवढी राहिली, आणि मग बुटक्या बुरांशाच्या झुडपांनंतर मोकळं गवत. हीच वृक्षरेषा.

आता झाडं इथंच का थांबली? बर्फामुळं, असं पटकन वाटतं. पण भोजपत्र महिनोन्‌महिने बर्फात उभं राहतं. त्याला अडवतो तो उन्हाळ्याचा गारवा. पान अन्न तयार करतं थंडीतही, पण त्या अन्नापासून नवं लाकूड घडवायला ऊब लागते. पाच अंशांच्या खाली हे काम जवळपास थांबतं. जगभरातल्या वृक्षरेषा पाहिल्या, तर वाढीच्या हंगामाचं सरासरी तापमान साधारण सहा अंश असतं तिथं झाडं संपतात.

मग त्याच जागी झुडूप कसं जगतं? माझ्याकडं साधा तापमापक होता. तो छातीच्या उंचीवर सावलीत धरला, तेव्हा हवेत सात अंश दाखवत होता. जमिनीलगत पसरलेल्या जुनिपरच्या पानांत, थेट ऊन लागणार नाही असा खुपसला, तर पंधरा. उंच झाडाचा शेंडा वाऱ्यात असतो, त्याला हवेचंच तापमान मिळतं. शिवाय ते आपल्याच मुळांवर सावली धरतं. जमिनीला चिकटलेलं रोप वाऱ्यापासून वाचतं आणि उन्हाची ऊब धरून ठेवतं. हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं, आणि इथं फरक आठ अंशांचा होता. म्हणजे त्या घडीला, उन्हात, ते हजार मीटरहूनही जास्त खाली असल्यासारखं जगत होतं.

इथं आपल्या सह्याद्रीबद्दल बोलायलाच हवं. राजगड-तोरण्याचे उघडे माथे आणि कासचं पठार बघून पुष्कळ जण त्यांना हिमालयातल्या बुग्यालांच्या, म्हणजे वृक्षरेषेवरच्या गवताळ कुरणांच्या पंगतीत बसवतात. हे मला पटत नाही. सह्याद्रीत थंडीनं झाड अडेल एवढी उंचीच नाही. महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर आहे आणि तिथं दाट जंगल आहे. आपले सडे उघडे आहेत ते कातळावर माती पातळ म्हणून. त्यात जोरदार वारा, पावसाळ्यानंतरचा लांबलचक कोरडा काळ, वणवे आणि चराई.

हिमालयातही प्रत्येक मोकळा उतार थंडीनं झालेला नसतो. झाडं हळूहळू बुटकी, वाकडी होत संपली असतील तर थंडीची शक्यता जास्त. उंच, धडधाकट झाडांची रांग एकदम तुटली आणि वर गवत लागलं, तर चराई किंवा तोड यांचा संशय घ्यावा. अशा ठिकाणी गवताच्याही वर, जनावरांचं तोंड पोचणार नाही अशा कपारीत एखादं झाड बऱ्याचदा सापडतं. आणि झाडं नसलेली उभी पट्टी डोंगरावरून थेट जंगलात घुसली असेल, दोन्ही कडांना मोडकी खोडं असतील, तर ती हिमलोटाची वाट. तिथं तंबू लावू नये.

फुरकियाच्या पुढं बर्फाच्या कडेनं जांभळे प्रिम्युला फुललेले होते. बर्फ जितकं मागं हटलेलं, तितकीच फुलांची पट्टी पुढं. वाटेचं शेवटचं टोक म्हणजे झीरो पॉइंट सुमारे साडेछत्तीसशे मीटरवर आहे, आणि आम्ही तिथं बर्फात चाललो. पण ती हिमरेषा नव्हे. ते हिवाळ्याचं उरलेलं बर्फ, पावसाळ्यापर्यंत वितळणारं. उन्हाळ्याच्या शेवटीही टिकतं त्या बर्फाची रेषा या भागात आणखी हजारएक मीटर तरी वर असते. हिमनदीचं तोंड तिच्या खूप खाली दिसतं, कारण वर साठलेलं बर्फ घट्ट होऊन स्वतःच्या वजनानं दरीत वाहत येतं. वृक्षरेषा आणि हिमरेषा यांच्या मधल्या पट्ट्यात पावसाळ्यात ब्रह्मकमळ फुलतं. मे महिन्यात तिथं नुसतं पिवळं, दबलेलं गवत होतं. वहीच्या उजव्या बाजूला त्या उंचीसमोर मी तेवढंच लिहिलं आहे.