फोटोच्या मागे काय दिसतंय?

(अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

पुढच्या महिन्यात तुमच्यापैकी बरेच जण चाकणला, रांजणगावला इंटर्नशिपला जाणार आहात. मी वीस वर्षं वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांच्या डिझाइन विभागात काढली. तिथे माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलाची गोष्ट आज सांगते.

मुलगा मेहनती होता. एक भाग ड्रिलिंगसाठी पकडायचं फिक्स्चर त्याने सुधारलं आणि सायकल टाइम 48 सेकंदांवरून 39 वर आणला. शेवटच्या दिवशी मशीनपाशी उभं राहून फोटो काढला आणि आकड्यांसकट लिंक्डइनवर टाकला. दीड तासाने आमच्या ग्राहक कंपनीतून फोन आला. फोटोत त्याच्या खांद्यामागे ट्रॉलीवर एका नव्या गाडीच्या दिव्याची हाउसिंग ठेवलेली होती, आणि ती गाडी अजून बाजारात आलेली नव्हती.

पोस्ट लगेच काढली, पण तोवर ती पुढे गेली होती. डिझाइन्स अॅक्ट, 2000 प्रमाणे नोंदणीचा अर्ज करण्याआधी डिझाइन जगात कुठेही उघड झालं, तर त्याची नोंदणी अडचणीत येते. विश्वासभंगाने फुटलेल्या डिझाइनला कायद्यात सवलत आहे, पण मग ते सिद्ध करत बसावं लागतं. शिवाय ते गुपित आमचं नव्हतंच, ग्राहकाचं होतं. आम्ही त्यांना गोपनीयतेचा करार लिहून दिलेला होता. इंटर्नच्या हातात कंपनीचं पत्र असतं. त्यामागचा ग्राहकाशी झालेला करार त्याला कुणी दाखवत नाही, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो. गेटवर तुमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, ते याचसाठी.

आता आकड्यांचं बघू. 48 आणि 39 सेकंद लिहिले तर काय बिघडलं, असं त्याने मला अगदी मनापासून विचारलं होतं. 3600 ला 39 ने भागा. तासाला साधारण 92 भाग येतात, आधी 75 येत होते. आमची लाइन किती माल काढू शकते हे स्पर्धकाला त्यावरून कळतं. दर ठरवायला बसलेल्या ग्राहकालाही कळतं, की आमचा खर्च उतरलाय. तेच ‘सायकल टाइम सुमारे 19 टक्के कमी केला’ असं लिहिलं, तर तुमचं काम दिसतं आणि मूळ आकडा झाकलेला राहतो. तरीही भागाचं नाव सोबत नको, आणि टक्क्यांनाही आधी गाइडचा होकार हवा.

‘पण ड्रॉइंग तर मीच काढलं!’ हा दुसरा प्रश्न. काढलं तुम्ही, मालकी कंपनीची. कॉपीराइट अॅक्ट, 1957 च्या कलम 17 मध्ये नोकरीबरोबर शिकाऊ उमेदवारीचाही उल्लेख आहे. उलट करार नसेल तर अशा कामाचा पहिला मालक कामावर ठेवणारा असतो. तुमच्या पत्रातही बहुधा हेच लिहिलेलं असेल, ते सही करण्याआधी वाचा. टायटल ब्लॉकवर काळी पट्टी मारून भागत नाही. पीडीएफवर नुसता काळा चौकोन ठेवला तर त्याखालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. आणि पट्टी नीट मारली तरी मापं आणि आकार दिसतातच की.

मग पोर्टफोलिओत ठेवायचं काय? पत्रात मनाई नसेल तर कंपनीचं नाव, विभाग आणि कालावधी खुशाल लिहा. कोणतं सॉफ्टवेअर वापरलंत, अडचण कशा प्रकारची होती, तुम्ही विचार कसा केलात, हेही सर्वसाधारण शब्दांत लिहा. कौशल्य दाखवायचं असेल तर ते दुसऱ्या वस्तूवर दाखवा. त्या मुलाकडून मी तेच करून घेतलं. त्याने बाजारातून सायकलचा एक ब्रॅकेट आणला, व्हर्नियरने स्वतः मापं घेतली आणि घरच्या कॉम्प्युटरवर कोऱ्या फाइलपासून त्याच्यासाठी फिक्स्चर काढलं. लोकेटिंग पिन कुठे आणि का, क्लॅम्प कुठून दाबायचा, चिप बाहेर कशी पडेल, सगळं समजावून लिहिलं. कंपनीची फाइल नाव बदलून वापरली असती तर ती चोरीच ठरली असती. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जुनं नावही सापडू शकतं.

कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टलाही हेच लागू आहे. तो बाहेरचे परीक्षक वाचतात, ग्रंथालयातही जातो.

परवानगी मागताना ‘सर, पोस्ट करू का?’ असं जेवणाच्या सुट्टीत विचारू नका. सर मान हलवतात आणि नंतर कुणालाच काही आठवत नाही. नेमका मजकूर आणि नेमका फोटो जोडून मेल करा: ‘हे असंच्या असं टाकायचं आहे, चालेल का?’ गाइडला अधिकार नसेल तर ते पुढे पाठवतील. आठवडाभर उत्तर आलं नाही तर तो होकार धरू नका, पुन्हा विचारा. इंटर्नशिप संपल्यावर आठवण आली तरीही विचाराच, कारण गोपनीयतेचं कलम सहसा प्रमाणपत्र हातात पडल्यावरही चालू राहतं.